अंध विद्यार्थिनीने पाणी थंड होण्याचा आलेख स्वतः काढावा, यासाठी

नववी-दहावीच्या वर्गात एखादी पूर्ण अंध विद्यार्थिनी आली की विज्ञानाच्या प्रयोगात तिला बहुतेक ठिकाणी बाजूला बसवतात आणि शेजारची मुलगी तिला आकडे सांगते. आलेखाचं तर बहुधा कुणी नावही काढत नाही. हा लेख अशा शिक्षकांसाठी आहे ज्यांनी हे काम अजून केलेलं नाही आणि ज्यांच्या नागपुरातल्या साध्या शाळेत महागडी यंत्रं नाहीत. एकच प्रयोग घेऊ. गरम पाणी थंड होत जातं, दर तीन मिनिटांनी तापमान घ्यायचं आणि त्याचा आलेख काढायचा. यात मोजणं, नोंद, आलेख आणि अर्थ लावणं, सगळं येतं. हा एक प्रयोग नीट बसला की पुढचे प्रयोग कसे बसवायचे हे तुमचं तुम्हालाच कळेल.

एक आग्रह मात्र आधीच मांडते. तयार उठावदार आलेख विद्यार्थिनीच्या हातात देऊन "हा बघ, असा खाली येतो" असं सांगू नका. थर्मामीटर बोलतो तो आकडा तिने ऐकायचा, तिनेच लिहायचा आणि त्याच आकड्याची टाचणी तिनेच टोचायची. आकडा आणि बिंदू यांच्यातला प्रवास तिच्या हाताने झाला नाही, तर पुढे पुस्तकातला कुठलाही आलेख तिच्यासाठी एक वाकडी दोरीच राहतो.

बोलणारा थर्मामीटर घेताना

औषधांच्या दुकानात ताप मोजणारा बोलका थर्मामीटर मिळतो. तो या कामाचा नाही. माणसाच्या तापाच्या आसपासचे, साधारण 32 ते 43 अंशांपर्यंतचेच आकडे तो सांगतो. 70 अंशांच्या पाण्यात तो निकामी ठरतो. कपाळासमोर धरतात ती बंदूकही चालत नाही, कारण ती पृष्ठभागाचं तापमान घेते आणि चकचकीत स्टीलवर तर सरळ चुकीचा आकडा देते. आपल्याला हवा आहे तो स्वयंपाकघरातला बोलका थर्मामीटर, लांब धातूची सळई असलेला, बटण दाबल्यावर आकडा बोलणारा. तो सहसा इंग्रजीत बोलतो. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलीला 'पॉइंट' आणि 'डिग्री'सह इंग्रजी आकडे कानाला ओळखीचे करून द्या. 'सिक्स्टीन' आणि 'सिक्स्टी' यांत गफलत होते, तेवढं आदल्या दिवशी घोटून घ्या.

तो मिळाला नाही आणि शाळेत थोडंफार इलेक्ट्रॉनिक्स जाणणारं कुणी असेल, तर डीएस18बी20 नावाचा स्टीलच्या टोपीतला संवेदक लहान सर्किटला जोडून संगणकाकडून आकडा बोलवून घेता येतो. उणे 10 ते 85 अंशांच्या दरम्यान त्याची चूक अर्ध्या अंशापेक्षा जास्त नसते. आपल्या प्रयोगाला तेवढी अचूकता भरपूर झाली.

कुठलाही घ्या, आधी तपासा. ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी एकत्र करून पाच मिनिटं ठेवा, ढवळा, आकडा ऐका. शून्याच्या एका अंशापेक्षा जास्त इकडेतिकडे असेल, तर तो फरक लिहून ठेवा आणि प्रत्येक नोंदीतून वजा करा. उकळत्या पाण्याची तपासणी शिक्षकाने एकट्याने करावी. तेव्हा आकडा 99 च्या आसपास आला तर थर्मामीटर बिघडला असं समजू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी 100 अंशांच्या जरा आधीच उकळतं.

पाणी मोजणं आणि ओतणं

200 मिलिलीटर पाणी लागतं. मोजपात्रावरची रेघ वाचणं तिला शक्य नाही, म्हणून 50 मिलिलीटरची सिरिंज घ्या. दट्ट्या बरोबर 50 वर ओढा आणि नळीच्या काठाला लागून दट्ट्याच्या दांड्यावर हॅकसॉच्या पात्याने एक खाच पाडा. आता ती दट्ट्या ओढताना नख खाचेत अडकेपर्यंत ओढते आणि तिला कळतं की 50 झालं. सिरिंजमध्ये हवा राहिली तर माप कमी पडतं. त्यासाठी टोक पाण्यात बुडवूनच दोन-तीनदा दट्ट्या मागेपुढे करायला लावा, बुडबुडे फुटल्याचा आवाज थांबला की मग भरा. अशा चार सिरिंज झाल्या की 200.

हे माप थंड पाण्याचं घ्यायचं. ते सगळं पाणी इलेक्ट्रिक किटलीत गरम करायचं आणि सगळंच पेल्यात ओतायचं, म्हणजे गरम पाणी मोजायची वेळच येत नाही. ओतण्याचा सराव आधी गार पाण्याने करवून घ्या. 70 अंशांचं पाणी क्षणात पोळतं, त्यामुळे पहिल्या वेळी ते शिक्षकाने ओतलं तरी काही बिघडत नाही. तिचं खरं काम त्यानंतर सुरू होतं.

मांडणी कडा असलेल्या ट्रेमध्ये करा आणि ट्रेखाली रबरी जाळीचा तुकडा ठेवा, म्हणजे तो सरकत नाही. स्टीलचा पेला लाकडी चौकटीत किंवा जाड पुठ्ठ्याच्या डब्यात घट्ट बसवा. हात लागला तरी पोळायचं नाही आणि पेला कलंडायचाही नाही. वर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला दोन भोकं: एक थर्मामीटरच्या सळईचं, दुसरं ढवळणीचं. सळईला रबरबँड अशा उंचीवर गुंडाळा की टोक पाण्याच्या मध्यावर राहील, तळाला टेकणार नाही. नंतर तिला रिकाम्या मांडणीवरून दोन्ही हात फिरवू द्या. तिचा हात धरून वस्तूकडे ओढू नका. तुमचा हात तिच्या हाताखाली ठेवा आणि तिला तुमच्या हातावरून पुढे जाऊ द्या. 'इथे', 'तिकडे' हे शब्द टाळा. 'ट्रेच्या उजव्या कडेला, तुझ्या बाजूच्या कोपऱ्यात' असं सांगितलं की तिला लगेच सापडतं.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना: कूलर आणि पंखा बंद ठेवा, निदान मांडणी त्यांच्या झोतात ठेवू नका. झोतात पाणी भराभर निवतं, झोत मागेपुढे झाला की आलेख विनाकारण वाकतो आणि मग त्या वाकण्याचा अर्थ लावत बसावं लागतं. जमलं तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत घ्या. मे महिन्यात वर्गातलंच तापमान 38 ते 40 असतं. पाणी आणि हवा यांच्यात फरकच कमी राहतो आणि आलेख इतका सपाट येतो की बोटांना उतार जाणवत नाही.

नोंदी

पाणी ओतल्यावर एक मिनिट जाऊ द्या, कारण सळईला स्वतःला तापायला वेळ लागतो. घाई केली तर पहिली नोंद दुसरीपेक्षा कमी येते आणि आलेख सुरुवातीला चढल्यासारखा वाटतो. वेळेसाठी मोबाइलवर दर तीन मिनिटांनी थरथरणारा टायमर लावा. आवाजाचा टायमर आणि बोलणारा थर्मामीटर एकदम बोलू लागले की दोन्ही कळत नाहीत. थरथर झाली की क्रम असा: पाच वेळा ढवळणं, ढवळणी सोडणं, बटण दाबणं, आकडा ऐकणं, तो मोठ्याने म्हणणं, ब्रेल पाटीवर लिहिणं. ढवळलं नाही तर वरचं पाणी गरम आणि तळातलं गार राहतं, आणि आकडे उगाच खालीवर होतात. ब्रेल पाटीवर लेखणीने एकेक ठिपका टोचत लिहायला वेळ लागतो. एक मिनिटाचं अंतर ठेवलं तर तिची ओढाताण होते, तीन मिनिटांत ती निवांत लिहिते. तिच्या नोंदी दुसऱ्या कुणी लिहू नयेत.

25 अंशांच्या खोलीत झाकलेल्या पेल्यातल्या पाण्याच्या नोंदी साधारण अशा येतात: सुरुवातीला 70, तीन मिनिटांनी 66.1, सहाला 62.6, नऊला 59.4, बाराला 56.4, पंधराला 53.7, अठराला 51.2, एकविसाला 49, चोविसाला 46.9, सत्ताविसाला 45 आणि तिसाव्या मिनिटाला 43.3. तुमचा पेला आणि झाकण वेगळं असेल तर आकडे वेगळे येतील, पण घसरण हळूहळू मंदावत जाणं सगळीकडे सारखंच.

आलेखाचा बोर्ड

सीताबर्डीच्या किंवा इतवारीच्या बाजारात एक फेरी मारली तर सगळं सामान मिळतं: साधारण 30 बाय 40 सेंटीमीटरचा सॉफ्ट बोर्ड, जाड कार्डशीट, मोत्यासारखं डोकं असलेल्या टाचण्या, बारीक सुतळी, लोकर आणि शिवणकामाचं दातेरी ट्रेसिंग व्हील. बोर्डाऐवजी थर्माकोल घेऊ नका. दोन-तीन वापरांत भोकं सैल होतात, टाचण्या कलतात आणि बिंदू सरकतात.

कार्डशीट उलटी करून घडी घातलेल्या वर्तमानपत्रांवर ठेवा आणि पट्टीच्या आधाराने ट्रेसिंग व्हील फिरवून दोन-दोन सेंटीमीटरची चौकट आखा. सुलट बाजूला बारीक ठिपक्यांच्या रेघा उठतात. मागून उठवलेलं चित्र पुढून डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून मागून फक्त चौकट उठवा. अक्ष, आकडे आणि वक्र पुढच्या बाजूनेच करा. हे विसरलात तर तापमानाचा अक्ष उजवीकडे जातो आणि वेळ मागे धावू लागते.

अक्षांवर सुतळी चिकटवा. आलेखाची रेघ मात्र सगळ्यांत ठळक हवी, म्हणून टाचण्या आणि त्यांच्याभोवती लोकर. चौकट सर्वांत हलकी, अक्ष मध्यम, वक्र सर्वांत उठावदार हा चढता क्रम मोडला की बोटं चौकटीतच अडकतात. डोळ्यांना फिकट निळ्या रेघा बाजूला सारता येतात, बोटांना तसं जमत नाही. अनेकदा छान मेहनतीने काढलेला आलेख विद्यार्थ्याला कळत नाही तो केवळ सगळ्याच रेघा सारख्या उठावाच्या असल्यामुळे.

मोजमाप असं ठेवा. आडवे दोन सेंटीमीटर म्हणजे तीन मिनिटं, उभे दोन सेंटीमीटर म्हणजे दहा अंश. तापमान 20 पासून 80 पर्यंत. म्हणजे आलेख 20 सेंटीमीटर रुंद, 12 सेंटीमीटर उंच, दोन तळहातांखाली मावणारा. शून्यापासून सुरुवात केलेली नाही हे तिला स्पष्ट सांगा आणि उभ्या अक्षाच्या तळाशी सुतळीला एक गाठ ठेवा. आकडे ब्रेलमध्ये लिहिताना जागेचा हिशेब करावा लागतो. ब्रेलचं एक घर साधारण सहा मिलिमीटर रुंद असतं आणि '12' लिहायला अंकचिन्ह धरून तीन घरं, म्हणजे जवळपास 18 मिलिमीटर लागतात. दोन सेंटीमीटरच्या प्रत्येक रेघेखाली आकडा लिहिला तर शेजारचे आकडे एकमेकांना चिकटून वाचता येत नाहीत. म्हणून आडव्या अक्षावर एकाआड एक आकडा द्या: 0, 6, 12, 18, 24, 30. आकडा आणि रेघ यांच्यात निदान तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवा.

आणखी एक वस्तू बनवा: पुठ्ठ्याची अरुंद पट्टी, कडेवर दर चार मिलिमीटरला कात्रीने खाच. एक खाच म्हणजे दोन अंश. 66.1 ची टाचणी लावायची तर ती 60 ची रेघ शोधते, पट्टीचं टोक तिथे टेकवते, वर तीन खाचा मोजते आणि टाचणी टोचते. या पद्धतीने एक अंशाच्या आत नेम बसतो. त्याहून बारीक अचूकतेचा हट्ट धरू नका.

टाचण्या लावण्याआधी बोर्डाची ओळख पूर्ण होऊ द्या. आधी चारही कडा, मग दोन्ही अक्ष त्यांच्या आकड्यांसकट, आणि शेवटी तुम्ही तोंडी सांगितलेले दोन-तीन बिंदू तिने शोधायचे. डावा हात तापमानाच्या अक्षावर, उजवा वेळेच्या अक्षावर, दोन्ही एकाच वेळी आत सरकून जिथे भेटतात तिथे बिंदू. ही दोन हातांची सवय लागायला एक पूर्ण तास गेला तरी जाऊ द्या. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

अकरा टाचण्या झाल्या की पहिल्या टाचणीला लोकर बांधून प्रत्येक टाचणीभोवती एक वेढा देत शेवटपर्यंत न्यायची. एखादी नोंद चुकली असेल तर ती इथे तिच्याच हाताला लागते. समजा अठराव्या मिनिटाला ढवळताना सळई पाण्याबाहेर आली आणि 51 ऐवजी 47 ऐकू आलं. तर लोकर तिथे अचानक खाली जाऊन पुन्हा वर येते. हे तिने स्वतःहून पकडलं पाहिजे. "थंड होणारं पाणी मध्येच गरम कसं झालं?" एवढंच विचारा आणि थांबा. ती टाचणी काढू नका. तिला वेढा न देता तशीच राहू द्या आणि वहीत कारण लिहायला लावा.

उतार बोटांना कसा कळतो

सगळ्यांत जास्त अडचण इथे येते. वक्र सुरुवातीला जास्त उतरतो आणि नंतर मंदावतो हे डोळ्यांना एका नजरेत कळतं. बोट मात्र लोकरीवरून एकेका जागेवरून जातं, आणि एवढा सौम्य बदल त्याला जाणवत नाही. मुलगी "खाली जाते" एवढंच सांगते आणि बरेच शिक्षक तिथेच थांबतात.

त्यासाठी आणखी एक लोकर लावा, खोलीच्या तापमानाची. 25 अंशांवर डावीकडून उजवीकडे सरळ आडवी. आता वक्र आणि ही रेघ यांच्यात मोकळी जागा तयार झाली. सुरुवातीला तिचं अंतर नऊ सेंटीमीटर आहे, अंगठा आणि तर्जनी चांगली ताणावी लागते. शेवटी पावणेचार सेंटीमीटरच्या जवळपास उरतं, दोन बोटं शेजारी ठेवली की जवळजवळ भरतं. उतारापेक्षा हे अंतर हाताला फार स्पष्ट कळतं. पाणी खोलीपेक्षा किती गरम आहे हे ती अक्षरशः हातात धरते.

मग पायऱ्या मोजायच्या. पहिल्या टाचणीपाशी कंपासपेटीतला गुण्या ठेवून दोन चौकटी उजवीकडे जा आणि तिथून खाली वक्रापर्यंत खाचांच्या पट्टीने मोजा. पावणेचार खाचा येतील, कारण पहिल्या सहा मिनिटांत पाणी 7.4 अंशांनी उतरलं. तेच चोविसाव्या मिनिटापासून करा. दोन खाचांपेक्षा जरा कमी, म्हणजे 3.6 अंश. साधारण निम्मं. आता तिला विचारा, या दोन पायऱ्यांच्या मध्यावर, म्हणजे तिसऱ्या आणि सत्ताविसाव्या मिनिटाला, वक्र खोलीच्या रेघेपासून किती उंच आहे? ती मोजते: आठ सेंटीमीटरच्या जरा वर, आणि चार सेंटीमीटर. इथेही निम्मं. अंतर निम्मं झालं की घसरणही निम्मी झाली. न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम तिने मोजून काढला, आणि पाठ केलेलं वाक्य तिला लागलंच नाही.

शेवटी तिला त्याच वक्राची आकृती मुक्तहस्ताने काढू द्या. रबरी चटईवर खास प्लास्टिकची फिल्म ठेवून बॉलपेनने रेघ मारली की रेघ त्याच बाजूला उठते. ती फिल्म नसेल तर डासांच्या जाळीवर कागद ठेवून मेणाच्या खडूने दाबून काढलेली रेघही बोटाला चांगली लागते. फुगणारा स्वेल पेपर आणि त्याचं यंत्र मिळालं तर पुस्तकातल्या आकृत्यांसाठी ते उत्तम, पण या प्रयोगाला त्याची गरज नाही.

पुढचा प्रयोग

यानंतर लगेच बर्फ घ्या. दहावीत बर्फाचं पाणी आणि पाण्याची वाफ होताना तापमान कसं बदलतं याचा आलेख आहे, आणि त्यातला सपाट भाग भल्याभल्यांना गोंधळात टाकतो. ठेचलेला बर्फ पेल्यात, पेला कोमट पाण्याच्या भांड्यात, दर दोन मिनिटांनी ढवळून नोंद. थर्मामीटर शून्याच्या आसपासचा तोच आकडा पुन्हा पुन्हा सांगत राहतो. माझ्या एका विद्यार्थिनीने पाचव्यांदा बटण दाबलं आणि वैतागून म्हणाली, "मॅडम, हे तर वाढूनच नाही राहिलं! सेल गेला काय?" तिला उत्तर दिलं नाही, फक्त पेल्यात बोट घालायला सांगितलं. "बर्फ आहे अजून," ती म्हणाली. शेवटचा खडा विरघळल्यानंतर आकडा सरकू लागला तेव्हा सेलबद्दल ती पुन्हा बोलली नाही. आडव्या ओळीत लागलेल्या टाचण्यांवरून बोट फिरवताना "इथं बर्फ होता" असं मात्र तिने स्वतःहून सांगितलं.

विजेच्या परिपथासाठी गुणगुणणारा बझर किंवा बोलणारा मल्टीमीटर लागतो. अनुमापनातला रंगबदल ओळखायला उजेडाप्रमाणे स्वर बदलणारा प्रकाशशोधक वापरतात. ती साधनं वेगळी आहेत, पण क्रम हाच ठेवा: आधी साधन तपासणं, मग रिकाम्या मांडणीची ओळख, मग तिच्याच हातची नोंद आणि तिच्याच हातची टाचणी. बर्फाच्या प्रयोगासाठी बोर्ड तोच वापरता येतो. फक्त उभ्या अक्षावरचे आकडे उणे 10 ते 50 असे बदला, एका चौकटीला तीनऐवजी दोन मिनिटं धरा, आणि शून्याच्या रेघेवर सुतळी चिकटवायला विसरू नका.